एकाच फोटोवरून एफ कुणाचा १.४८, कुणाचा ०.६७, कुणाचा ४६: पूल्ड टी-टेस्टच्या आधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. वहीच्या पानाचा किंवा फळ्याचा एक फोटो असतो, त्यात आकड्यांचे दोन स्तंभ. दोन्ही गटांच्या सरासरीत फरक आहे का ते टी-टेस्टने बघायचं असतं, आणि त्याआधी दोन्ही व्हेरिअन्स सारखे धरता येतील का हे एफ-टेस्टने ठरवायचं असतं. फोटो एकच, पण तिघांची उत्तरं तीन. एकजण म्हणतो पूल्ड, म्हणजे दोन्ही व्हेरिअन्स एकत्र करून केलेली टी-टेस्ट चालेल, दुसरा म्हणतो चालणार नाही, तिसऱ्याचा एफ एकपेक्षा कमी आलाय आणि तक्त्यात तसा आकडाच सापडत नाही.

यात सूत्राची चूक क्वचित असते. बहुतेकदा आकडा फोटोतून शीटमध्ये येतानाच बिघडलेला असतो, आणि एफ हे अशा बिघाडाला फार हळवं गणित आहे. त्यामुळे एफ मोठा आला की लगेच व्हेरिअन्स सारखे न धरणाऱ्या वेल्चच्या टी-टेस्टकडे वळू नका. आधी फोटोकडे वळा.

उदाहरण घेऊ. दोन यंत्रांवर कापलेल्या पट्ट्यांची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली आहे. यंत्र अ च्या आठ पट्ट्या, यंत्र ब च्या सात. फोटो नीट वाचला तर आकडे असे आहेत:

```
A: 12.1 12.4 11.9 12.6 12.2 12.8 12.0 12.4   (n = 8)
B: 12.5 13.1 12.2 12.9 12.6 13.2 12.4        (n = 7)
```

अ ची बेरीज ९८.४, सरासरी १२.३. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून आलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज ०.६६ येते. तिला ७ ने भागलं की व्हेरिअन्स ०.०९४३. ब ची बेरीज ८८.९, सरासरी १२.७, वर्गांची बेरीज ०.८४, आणि ६ ने भागून व्हेरिअन्स ०.१४. मोठा वर, लहान खाली:

```
F = 0.14 / 0.0943 = 1.48     df = (6, 7)
```

दोन बाजूंची ५ टक्के पातळी हवी असेल तर तक्ता २.५ टक्क्यांचा उघडायचा. तिथे ६ आणि ७ साठी मर्यादा ५.१२ आहे. १.४८ तिच्या जवळपासही नाही. दोन्ही बाजूंचा पी ०.६१ येतो. व्हेरिअन्स वेगळे आहेत असं म्हणायला आधार नाही, तेव्हा पूल्ड टी-टेस्ट करता येते:

```
sp^2 = (0.66 + 0.84) / 13 = 0.1154
t = (12.7 - 12.3) / sqrt(0.1154 * (1/8 + 1/7)) = 2.28     df = 13
```

१३ डिग्रीज ऑफ फ्रीडमला मर्यादा २.१६०. टी तिच्यापुढे गेला, म्हणजे सरासरीतला फरक ५ टक्के पातळीवर लक्षणीय आहे. योग्य उत्तर हे. आता ते कसं कसं बिघडतं ते बघू.

एफ ४६ आला

ब मधला दुसरा आकडा १३.१ आहे. वहीत आकडे इंग्रजी असतील आणि फोटो जरा हलला असेल, तर 3 ची डावी बाजू भरल्यासारखी दिसते आणि त्याचा 8 होतो. शीटमध्ये १८.१ जातो. बाकी चौदा आकडे अगदी बरोबर आहेत.

एवढ्यानं ब ची सरासरी १३.४१ होते आणि व्हेरिअन्स ०.१४ वरून ४.३८ वर जातो. एफ होतो ४६.४ आणि पी ०.०००१ च्याही खाली. शिकवल्याप्रमाणे वागणारा माणूस इथे म्हणतो, "व्हेरिअन्स सारखे नाहीत, वेल्च लावू." वेल्चचा टी येतो १.४०, डिग्रीज ऑफ फ्रीडम सहाच्या जरा वर. फरक लक्षणीय नाही, असा निष्कर्ष लिहून पान मिटतं.

इथे जरा थांबून बघण्यासारखं काही आहे. चुकीच्या आकड्यानं सरासरीतला फरक वाढला, ०.४ वरून १.११ झाला. तरी टी २.२८ वरून १.४० वर घसरला. कारण वाढलेला फरक अंशात गेला, पण त्याच आकड्यानं छेदातली स्टँडर्ड एरर कितीतरी जास्त फुगवली. दूरचा आकडा सरासरीला आपल्या अंतराच्या सातव्या भागाइतकंच खेचतो, पण व्हेरिअन्समध्ये त्याचं अंतर वर्ग होऊन शिरतं. म्हणून सरासऱ्यांमधलं अंतर वाढलं आणि टी मात्र कमी झाला, असं दिसलं की एखादा आकडा उडालाय का हे पहिलं बघा.

तपासायचं कसं? पानावर स्तंभाखाली बेरीज लिहिलेली असेल तर काम सोपं. शीटमधली बेरीज ९३.९, फोटोतली ८८.९. फरक नेमका ५.०. दशांश नसलेला ५ चा फरक सांगतो की चूक एककाच्या स्थानी आहे आणि अंक ५ ने बदलला आहे. म्हणजे 3 चा 8, 1 चा 6 किंवा 2 चा 7. मग सगळं पान पुन्हा वाचावं लागत नाही, शीटमध्ये एककाला 8, 6 किंवा 7 असलेले आकडे तेवढे बघायचे. या स्तंभात असा आकडा एकच निघतो, १८.१. फरकाचे अंक ९ च्या पाढ्यातले असतील, समजा ०.९ किंवा २.७, तर शेजारचे दोन अंक उलटे टाइप झाले असण्याची शक्यता जास्त. वही मराठी अंकांत असेल तर १ आणि ९ ची गल्लत नेहमीची, तिथे फरक ८ चा येतो.

पानावर बेरीज नसून नुसती सरासरी लिहिलेली असेल तरी चालतं, पण तिची मर्यादा ओळखून. ब ची सरासरी एका दशांशापर्यंत १२.७ अशी लिहिली असेल, तर मूळ बेरीज ८८.९ च्या दोन्ही बाजूंना ०.३५ पर्यंत कुठेही असू शकते. ०.५ ची चूक त्यातून पकडली जाईल, ०.२ ची निसटेल.

आणि एक पथ्य. आकडा बदलायचा तो फक्त फोटो तसं सांगतो म्हणून. फोटो मोठा करून, उजेड-सावली बदलून पाहिल्यावरही तिथे १८.१ च असेल, तर तो १८.१ च राहतो. मग ज्यानं मोजलं त्याला विचारायचं, किंवा आकडा ठेवून आणि वगळून दोन्ही निकाल लिहायचे. एफ नीट यावा म्हणून 8 चा 3 करणं ही तपासणी नव्हे.

एफ छान आला, तरीही चूक

वरची चूक निदान आरडाओरडा करते. मला जास्त भीती वाटते ती उलट्या प्रकारची. ब मधला तिसरा आकडा १२.२. तिथला शेवटचा 2 जर 7 वाचला गेला, तर शीटमध्ये १२.७ जातो. हा आकडा थेट गटाच्या मधोमध जाऊन बसतो. ब चा व्हेरिअन्स ०.१४ वरून ०.०९२४ होतो, म्हणजे जवळजवळ अ इतकाच. एफ १.०२. याहून देखणा एफ मिळणं कठीण.

पूल्ड टी आता २.९८ येतो. खरा टी २.२८ होता आणि त्याचा पी ०.०४ च्या आसपास, आता पी ०.०१ च्या आसपास. म्हणजे चुकीच्या वाचनानं निष्कर्ष खऱ्यापेक्षा बराच पक्का दिसू लागला, आणि एफ-टेस्टनं त्यावर शिक्का मारला.

म्हणून एफ-टेस्टला आकड्यांचा पहारेकरी समजू नका. आकडा गटाबाहेर फेकला गेला तर ती ओरडते, गटाच्या आत सरकला तर तिला काहीच कळत नाही. बेरीज मात्र दोन्ही पकडते: इथे ८९.४ विरुद्ध ८८.९, फरक ०.५, म्हणजे दशांशस्थानी ५ ची चूक. दोन चुका एकमेकींना बेरजेत खाऊन टाकतील हे शक्य आहे. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी, पहिली यादी न दाखवता, फोटोवरून पुन्हा टाइप करायला सांगणं आणि दोन्ही यादींची वजाबाकी करणं हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय. पंधरा आकड्यांना दोन मिनिटं लागतात. अट एकच, हे एफ काढण्याआधी करायचं. एफ एकदा दिसला की डोळे तोच शोधत फिरतात.

फोन किंवा स्कॅनरनं आकडे आपोआप उचलले असतील तर आणखी दोन गोष्टी होतात. दशांशचिन्ह गळून १२.४ चा १२४ होतो, हे लगेच लक्षात येतं. पण शून्याच्या जागी O हे अक्षर आलं, किंवा आकड्याबरोबर एखादं नको असलेलं चिन्ह चिकटलं, तर एक्सेल तो कप्पा मजकूर समजतं आणि `VAR.S` त्याला मुकाट्यानं वगळतं. कुठलीही एरर येत नाही. फक्त सातच्या जागी सहा आकड्यांचा व्हेरिअन्स निघतो. त्यामुळे `COUNT` लावून संख्या ८ आणि ७ येते का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एफ ०.६७ आला

यात फोटोचा दोष नाही. अ चा व्हेरिअन्स वर आणि ब चा खाली ठेवला की ०.०९४३ भागिले ०.१४ म्हणजे ०.६७. आकडा चुकीचा नाही, चूक होते ती पुढच्या पायरीत. अनेकजण हा ०.६७ घेऊन तक्त्यातल्या वरच्या मर्यादेशी तुलना करतात आणि कमी आला म्हणून पूल्ड मंजूर करतात. एकपेक्षा लहान आकडा वरच्या मर्यादेपुढे जाणारच नाही. ब चा व्हेरिअन्स अ च्या पन्नासपट असता तरी या पद्धतीनं सारखाच ठरला असता.

दोन रस्ते आहेत. एकतर उलटवा, मोठा वर घ्या आणि डिग्रीज ऑफ फ्रीडमही उलटवा, (७, ६) चे (६, ७) करा. हे दुसरं काम विसरलं जातं, आणि मर्यादा ५.१२ ऐवजी ५.७० घेतली जाते. नाहीतर ०.६७ तसाच ठेवून खालच्या मर्यादेशी ताडा, ती १/५.१२ म्हणजे ०.१९५ आहे. ०.६७ तिच्या वर आहे, उत्तर तेच.

मोठा वर घेण्याच्या पद्धतीत ५ टक्क्यांचा तक्ता उघडला तर मर्यादा ३.८७ मिळते. पण कोणता मोठा हे आपण आकडे पाहून ठरवलंय, त्यामुळे ती प्रत्यक्षात १० टक्क्यांची टेस्ट झाली. कुणी मुद्दाम तसं करत असेल तर हरकत नाही, पण लिहिताना ५ टक्के लिहू नये.

सॉफ्टवेअरचीही थोडी गंमत आहे. एक्सेलचं `F.TEST` एफ देतच नाही, दोन्ही बाजूंचा पी देतं. या आकड्यांवर ते ०.६१ दाखवेल, आणि तो एफ समजून तक्त्यात शोधणारे बरेच भेटतात. आर मध्ये गोंधळ कमी होतो:

```
a <- c(12.1, 12.4, 11.9, 12.6, 12.2, 12.8, 12.0, 12.4)
b <- c(12.5, 13.1, 12.2, 12.9, 12.6, 13.2, 12.4)
length(a); sum(a); length(b); sum(b)
var.test(b, a)
t.test(b, a, var.equal = TRUE)
```

`var.test` पहिल्या गटाचा व्हेरिअन्स वर ठेवतं आणि पी दोन्ही बाजूंचा देतं. शेवटच्या ओळीतलं `var.equal = TRUE` राहिलं तर आर गुपचूप वेल्च करतं. पायथनच्या सायपायमध्ये उलट आहे, `ttest_ind` काही न सांगता पूल्ड करतं. दोघांचे टी जुळत नसतील तर आधी एवढंच विचारा.

फोटोत कच्चे आकडेच नाहीत

काही फोटोंत फक्त सरासरी, अधिक-उणे चिन्ह आणि एक आकडा असतो. तो आकडा स्टँडर्ड डेव्हिएशन असेल तर वर्ग करून भागा. वर्ग करायचं राहिलं तर आपल्या उदाहरणात १.२२ येतो. तो स्टँडर्ड एरर असेल तर वर्ग करून गटाच्या संख्येनं गुणावं लागतं, नाहीतर १.४८ ऐवजी १.७० येतो. गटांची संख्या समान असती तर ही चूक एफमध्ये दिसलीच नसती, टीमध्ये मात्र मोठा घोळ झाला असता. कोणता आकडा आहे हे तक्त्याच्या मथळ्यात किंवा तळटीपेत असतं, आणि फोटो काढताना नेमकी तीच ओळ कापली जाते. तेव्हा पूर्ण पानाचा फोटो मागा, अंदाज करू नका.

गोलाकरणही इथे बोचतं. ०.३७ आणि ०.३१ वरून एफ १.४२ येतो, एकाच दशांशाच्या ०.४ आणि ०.३ वरून १.७८. मर्यादेपासून इतक्या दूर असताना हे चालून जातं. मर्यादेजवळ असाल तर अशा फोटोवरून निर्णय घेता येत नाही.

१.४८ म्हणजे सारखे व्हेरिअन्स?

नाही. आणि हे सगळं तपासून झाल्यावरही मनात राहायला हवं. आठ आणि सात आकड्यांवरून खऱ्या व्हेरिअन्सच्या गुणोत्तराचा ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर खालचं टोक १.४८/५.१२ म्हणजे ०.२९, वरचं टोक १.४८ गुणिले ५.७० म्हणजे साधारण ८.५. ब चा व्हेरिअन्स अ च्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असू शकतो किंवा आठपटही. एफ-टेस्ट एवढंच म्हणाली की तिला फरक दिसला नाही. इतक्या कमी आकड्यांत तिला सहसा दिसतच नाही, ब बाजूनं पाचपटीहून मोठं गुणोत्तर नमुन्यातच आलं तरच ती बोलेल.

मोठ्या नमुन्यांत उलटा त्रास. तिथे टीला काहीही फरक न पडणारी बारीक तफावतही ती लक्षणीय ठरवते. शिवाय तिला आकडे नॉर्मल वितरणातले लागतात, आणि ही अट टी-टेस्टपेक्षा तिला फार कडक लागू होते. शेपट्या जड असतील तर व्हेरिअन्स सारखे असूनही एफ ओरडतो. जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्येच यावर टोमणा मारला होता: सरासरीच्या टेस्टआधी व्हेरिअन्सची अशी टेस्ट करणं म्हणजे मोठ्या जहाजाला समुद्र शांत आहे का हे पाहण्यासाठी आधी वल्ह्याची होडी पाठवणं.

पूल्ड टीला खरा धोका कुठे असतो तेही पाहून ठेवा. गटांची संख्या समान असेल तर व्हेरिअन्समधली तफावत ती बरीच पचवते. संख्या असमान असेल आणि लहान गटाचा व्हेरिअन्स मोठा असेल, तर ती नसलेला फरकही दाखवू लागते. आपलं उदाहरण त्याच बाजूचं आहे, सातचा गट जास्त पसरलेला, फक्त संख्या जवळजवळ सारखी म्हणून वाचलो. याच योग्य आकड्यांवर वेल्च केली तर टी २.२४, डिग्रीज ऑफ फ्रीडम ११.७, पी ०.०४५ च्या जवळ. निष्कर्ष बदलत नाही.

माझं मत विचाराल तर स्वतःच्या कामासाठी मी एफ-टेस्टची पायरी गाळून थेट वेल्च करेन. व्हेरिअन्स सारखे असले तरी तिच्यात फारसं काही गमवावं लागत नाही, आणि त्याच आकड्यांवर आधी एक टेस्ट करून दुसरी निवडण्याचा दोषही टळतो. पण प्रयोगवहीच्या ठरलेल्या पद्धतीत किंवा परीक्षेच्या प्रश्नात "आधी एफ, मग पूल्ड" असं लिहिलं असेल तर तेच करा, आणि उत्तरात एफ, दोन्ही डिग्रीज ऑफ फ्रीडम, एक बाजू की दोन बाजू, आणि फोटोतल्या बेरजेशी जुळवलं की नाही, हे चारही लिहा.

एक गोष्ट मात्र हे सगळं सुरू करण्याआधी फोटोत शोधा. डावीकडे ओळीला क्रमांक किंवा नाव आहे का? तीच पट्टी दोन्ही यंत्रांखाली गेली असेल, तोच माणूस आधी आणि नंतर मोजला असेल, तर हे दोन स्वतंत्र गट नव्हेतच. ती जोडीची टी-टेस्ट होते. तिच्यात प्रत्येक ओळीतला फरक काढून त्या एकाच स्तंभावर काम करतात, आणि दोन व्हेरिअन्सची तुलना करण्याचा प्रश्नच उरत नाही. अशा फोटोत तिरपेपणामुळे एक ओळ वर-खाली सरकली तर जोड्याच तुटतात. स्तंभांच्या बेरजा तेव्हाही बरोबर येतात, त्यामुळे तिथे बेरजेवर विसंबू नका, ओळीचा क्रमांक धरून एकेक जोडी जुळवा.